चार टियरवरून दोनवर: ऐरोलीच्या एका कॉमिकवालीचं सपोर्ट पेज

पार्श्वभूमी

आपण तिला मेधा म्हणू, खरं नाव वेगळं आहे आणि ओळखू येईल असे बाकीचे तपशीलही थोडे बदललेत, आकडे मात्र तिच्या वहीतलेच, काही ठिकाणी गोल केलेले. राहते ऐरोलीत. ठाणे-वाशी लोकलमधल्या बायकांच्या डब्यावर दर आठवड्याला एक मराठी कॉमिक स्ट्रिप टाकते. चौथ्या सीटचं भांडण, रबाळ्याला उतरणाऱ्यांनी दिघ्यापासूनच दारात उभं राहणं, असलं सगळं. वाचणारे भरपूर, त्यातून पैसे शून्य. पोट चालायचं ते कमिशनच्या कामावर, म्हणजे कोणाच्या लग्नाची पत्रिका, कोणाच्या दुकानाचा बोर्ड, कोणाचं फॅमिली स्केच.

मी ठाण्यात अशा सुट्या कामवाल्या चित्रकार-लेखकांचे हिशोब बघतो. मेधाने वाचकांकडून दर महिन्याला पैसे घ्यायचं सपोर्ट पेज चालू केलं तेव्हा मला विचारलं नव्हतं, तिसऱ्या महिन्यात विचारलं, तोपर्यंत आकडे तयार झाले होते म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं.

पेज होतं एका परदेशी मेंबरशिप प्लॅटफॉर्मवर, सगळं डॉलरमध्ये. चार टियर, म्हणजे महिन्याच्या वर्गणीचे चार दर. १ डॉलरला नुसतं आभाराच्या यादीत नाव. ३ डॉलरला स्ट्रिप दोन दिवस आधी आणि मोबाईलचा वॉलपेपर. ५ डॉलरला दर महिन्याला छापील पोस्टकार्ड घरी, आणि १५ डॉलरला दर महिन्याला तुमच्यासाठी खास काढलेलं एक स्केच. ही रचना तिने इंग्रजी कॉमिकवाल्यांची पेजेस बघून केली होती, तिकडे अशीच असते.

पहिल्या महिन्यात ६१ जण आले, त्यातले ३९ भारतातले आणि बाकी २२ अमेरिका, दुबई, लंडन वगैरे. एकूण २२१ डॉलर. ऐकायला मस्त.

अडचण

दुसऱ्या महिन्यात ६१ पैकी २३ जणांचे पैसे आलेच नाहीत. मेधाचा फोन आला तेव्हा तिचा सूर असा होता की लोकांना कॉमिक आवडेनासं झालंय, मी काहीतरी वेगळं काढायला पाहिजे, नवीन पर्क द्यायला पाहिजेत. मी म्हटलं थांब, आधी यादी उघड.

अशा प्लॅटफॉर्मच्या मेंबरांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे स्टेटस असतं, आणि "कॅन्सल" आणि "डिक्लाइन" हे दोन वेगवेगळे असतात. कॅन्सल म्हणजे माणसाने स्वतः बटण दाबून सोडलं. डिक्लाइन म्हणजे माणूस आहे, इच्छा आहे, पण बँकेने पैसे जाऊ दिले नाहीत. मेधाच्या २३ मध्ये कॅन्सल तीन होते. डिक्लाइन वीस, आणि ते वीसच्या वीस भारतीय कार्डवाले.

कारण कॉमिकमध्ये नव्हतंच. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून आपोआप कापले जाणारे पैसे कापायचे तर सुरुवातीला ओटीपी घेऊन मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची आगाऊ परवानगी, नोंदवायचं, आणि प्रत्येक वेळी कापायच्या आधी निदान २४ तास ग्राहकाला कळवायचं. २०२२ पासून १५ हजारापर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण मॅन्डेट नोंदलेलं पाहिजेच. देशी कंपन्यांनी ही व्यवस्था बसवली. परदेशातून चार्ज करणाऱ्यांच्या बाबतीत कुठली बँक मानते कुठली नाही असा कारभार आहे, म्हणून पहिलं पेमेंट ओटीपी टाकून व्यवस्थित जातं, पुढच्या महिन्यात बँक गपचूप नाकारते. प्लॅटफॉर्म दोनतीन वेळा परत प्रयत्न करतो, सपोर्टरला ईमेल जातो, तो प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहतो. सपोर्टरला वाटतं आपण पैसे देतोय, चित्रकाराला वाटतं लोक सोडून गेले.

दुसरी अडचण फीची, आणि ती मेधाने कधी मोजलीच नव्हती. या प्लॅटफॉर्मची स्वतःची फी १० टक्के होती (पेट्रिऑनवरही ऑगस्ट २०२५ नंतर नवीन येणाऱ्यांना १० टक्केच आहे), त्यावर पेमेंट प्रोसेसिंग वेगळं: ३ डॉलरपर्यंत ५ टक्के अधिक १० सेंट, त्याच्या वर २.९ टक्के अधिक ३० सेंट. लोक टक्के बघतात आणि ते सेंट विसरतात, पण छोट्या रकमेत खरी खोट तिथेच आहे. १ डॉलरवाल्याकडून १० सेंट प्लॅटफॉर्मचे, ५ सेंट टक्क्याचे, १० सेंट ठरलेले, म्हणजे २५ सेंट गेले, राहिले ७५. मग डॉलरचे रुपये करून खात्यात येईपर्यंत अजून साधारण ३ टक्के. तेव्हा डॉलर ८८ च्या आसपास होता, म्हणजे सपोर्टरने ८८ रुपये दिले आणि मेधाला मिळाले ६४. वर सपोर्टरच्या बँकेने परदेशी व्यवहाराचा मार्कअप लावला असेल तर त्याचे अजून दोनचार रुपये गेले, ते तर बँकेकडेच राहिले.

तिसरी अडचण पर्कची. १५ डॉलरचा टियर चार जणांनी घेतला होता आणि मेधाला त्याचा फार अभिमान होता. फी वगैरे जाऊन तिच्या हातात माणशी साधारण १,०९० रुपये पडत होते. एक स्केच काढायला तीन ते चार तास. तसंच स्केच ती बाहेर कमिशनवर अडीच हजाराला काढते. म्हणजे आपल्या सगळ्यात जवळच्या चार वाचकांना ती निम्म्याहून कमी दरात कमिशन करून देत होती, तेही दर महिन्याला, न संपणारं. मी हे कागदावर मांडलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "अरे पण ते सपोर्ट करतायत ना मला." हो, पण कोण कोणाला सपोर्ट करतंय हे एकदा बघ म्हटलं.

पोस्टकार्डाचं गणित उलट पैशात बरं होतं. ५ डॉलरचे हातात ३४५ च्या आसपास, छपाई २२, पाकीट आणि आतला पुठ्ठा ८, स्पीड पोस्ट ठाण्या-मुंबईबाहेर जीएसटीसकट ५५ च्या घरात. उरतात अडीचशेच्या वर. पण १७ पाकिटं म्हणजे पत्ते लिहिणं, आईला सोबत घेऊन चिकटवणं, ऐरोलीच्या पोस्टात रांग, आणि मग "ताई अजून आलं नाही" हे मेसेज. परदेशातल्या सहा जणांची पाकिटं तर पोचायला इतका वेळ घ्यायची की दोन महिन्यांची कार्डं एकदम मिळायची. महिन्याचा एक अख्खा दिवस त्यात जायचा आणि तो नेमका स्ट्रिप काढायचा दिवस असायचा.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय, आहे तिथेच राहायचं आणि डिक्लाइन झालेल्यांना मेसेज करून दुसरं कार्ड टाकायला सांगायचं. हे तिने आठवडाभर केलं. वीसपैकी सहा जणांनी कार्ड बदललं, त्यातल्या तिघांचं पुढच्या महिन्यात परत डिक्लाइन झालं. उरलेल्यांना वाईट वाटलं, कारण पैशासाठी मागे लागल्यासारखं दिसतं ते.

दुसरा, प्लॅटफॉर्म बदलायचा. को-फी वर एकदाच दिलेल्या टिपेवर शून्य टक्के फी आहे म्हणून तिच्या मैत्रिणींनी तेच सुचवलं होतं. पण शून्य म्हणजे को-फीची स्वतःची शून्य, पैसे येतात पेपॅल किंवा स्ट्राइपमधून आणि त्यांची फी असतेच. आणि आपल्याकडची मेख अशी की पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पेमेंट बंद केलंय, फक्त परदेशातून येणारे घेता येतात, आणि स्ट्राइप भारतात नवीन खाती आमंत्रणावरच देतं. म्हणजे डोंबिवलीच्या वाचकाला ऐरोलीच्या चित्रकाराला पैसे द्यायचे तर हा रस्ता बंदच.

तिसरा, सरळ स्वतःच्या यूपीआयचा क्यूआर टाकायचा. फी शून्य, खरंच शून्य. पण पर्सनल यूपीआयवर कोणी कशासाठी दिले हे कळत नाही, २०० रुपये आले आणि नोटमध्ये नुसतं "छान" लिहिलंय, याला लवकर स्ट्रिप पाठवायची का नाही, कुठल्या ईमेलवर पाठवायची? शिवाय यूपीआय आयडीत मोबाईल नंबर असला तर तो उघडा पडतो. एकट्या बाईने आपला मोबाईल नंबर हजारो अनोळखी लोकांना देणं मला पटलं नाही, तिलाही नाही.

चौथा, देशी पेमेंट गेटवेचं पेज. इथे कार्ड, यूपीआय सगळं चालतं, फी साधारण २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के, ठरलेले सेंट-बिंट काही नाही. यात परत दोन फाटे: यूपीआय ऑटोपे लावून दर महिन्याला घ्यायचे, का वर्षाचे एकदाच.

आमचं सगळ्यात जास्त डोकं इथे गेलं. महिन्याच्या बाजूने असं की ९९ रुपये द्यायला कोणी विचार करत नाही. पण ऑटोपे म्हटलं की आधी नोटिफिकेशन येतं, खात्यात त्या दिवशी पैसे नसले तर फेल, आणि दर महिन्याला आठवण येते तेव्हा दर महिन्याला सोडायचीही संधी येते. वर्षाचं एकदाच असलं तर मॅन्डेटची भानगडच नाही, साधं यूपीआय पेमेंट. आणि आपल्या वाचकाला वार्षिक वर्गणी नवीन नाही, मासिकांची भरतच आलाय तो. तोटा हा की वर्षाचे पैसे एकदम घेतले म्हणजे वर्षभर द्यायचं बांधलेपण आलं, मध्येच आजारी पडली, कंटाळली तर परत करायची तयारी पाहिजे. मेधाला याचीच भीती होती. शेवटी ठरलं वर्षाचं, पण रक्कम छोटी ठेवायची आणि पेजवर लिहायचं की काम थांबलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत.

काय केलं

टियर दोनच. ३०० रुपये वर्षाला: स्ट्रिप दोन दिवस आधी आणि महिन्यातून एकदा कच्च्या स्केचेसची पीडीएफ. १,००० रुपये वर्षाला: तेच सगळं, अधिक दिवाळीला एक पाकीट, त्यात चार पोस्टकार्डं आणि छोटं कॅलेंडर. पर्क निवडताना एकच प्रश्न विचारायचा ठरवलं, की सपोर्टर दहाचे शंभर झाले तर हे काम दहापट होतं का. पीडीएफ एकदाच बनते, दहा जणांना पाठवा नाहीतर हजार. पाकीट वाढतं, म्हणून ते वर्षातून एकदा. स्केच वाढतं आणि त्याला अंतच नाही, म्हणून ते पूर्ण बंद, कमिशनचं पेज वेगळं. १,००० मधून गेटवेचे २३ रुपये ६० पैसे गेले, पाकिटाचा सगळा खर्च २१५ धरला, हातात ७६० च्या आसपास.

गेटवेने पहिला अर्ज परत पाठवला. तिने कामाच्या प्रकारात "डोनेशन" लिहिलं होतं, मग ते ट्रस्टची कागदपत्रं मागायला लागले. एकटा माणूस देणग्या गोळा करतोय म्हटलं की शंका येणारच, आणि तसंही लवकर स्ट्रिप, पीडीएफ, पाकीट देतोय म्हणजे ती देणगी नाहीच, सेवा आहे. दुसऱ्यांदा "डिजिटल कॉमिकची वार्षिक मेंबरशिप" लिहिलं, पॅन, बँकेचा पुरावा आणि पेजवर रिफंडचे नियम टाकले, मंजूर झालं. पेजवरून "दान" आणि "देणगी" हे शब्दसुद्धा काढले, कारण एका काकांनी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट घ्यायची, पावती मागितली होती. ती नोंदणीकृत संस्थाच देऊ शकते, मेधाला देता येत नाही. आलेले पैसे तिचं व्यवसायाचं उत्पन्न म्हणून रिटर्नमध्ये जातात. जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, तिथपासून ती फार लांब आहे.

परदेशातल्यांसाठी जुनं पेज ठेवलं, फक्त ५ डॉलरचा एकच टियर, नुसता डिजिटल. इथे एक वेगळंच निघालं. त्याच सुमारास एका वृत्तपत्राने तिला आठवड्याचं व्यंगचित्र काढायला विचारलं होतं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरए २०१० च्या कलम ३ मध्ये, परदेशी देणगी घ्यायला ज्यांना बंदी आहे त्यांच्यात नोंदणीकृत वृत्तपत्राचा व्यंगचित्रकार आणि स्तंभलेखक नाव घेऊन लिहिलेत. मला माहीत होतं ते निवडणूक लढवणाऱ्यांचं आणि सरकारी नोकरांचं, व्यंगचित्रकारांचं वाचून मीही दोनदा बघितलं. परदेशात राहणारा भारतीय नागरिक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण पासपोर्ट बदललेला मामा धरला जातो. आणि नेहमीच्या धंद्यात दिलेल्या वस्तू-सेवेची किंमत देणगीत येत नाही. सीएकडे गेलो, त्यांनी नुसत्या टिपेचं बटण बंद करायला लावलं आणि ५ डॉलरच्या बदल्यात काय मिळतं ते पेजवर स्पष्ट लिहायला सांगितलं. ज्यांचं असंच आहे त्यांनी स्वतःच्या सीएला विचारूनच करा, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी.

मग जुन्या ३९ भारतीयांना मेल. त्यात तिने खरं काय ते लिहिलं, की तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे बँकेने अडवले होते, तुम्ही सोडलं नव्हतं हे मला आता कळलंय. या एका ओळीला सगळ्यात जास्त उत्तरं आली.

काय झालं

३९ पैकी २८ जण नवीन पेजवर आले, २१ जण ३०० वर आणि ७ जण १,००० वर. पुढच्या चार महिन्यांत नवीन ४३ आले. सगळे मिळून ७१, जमा ३२,५००, गेटवेची फी ७६७, सोळा पाकिटांचा खर्च ३,४४० बाजूला ठेवला, राहिले २८,३०० च्या आसपास. वर्षावर पसरले तर महिन्याला साधारण २,३६०. परदेशातले १४ जण टिकले, त्यांचे महिन्याला ४,८५० येतात. म्हणजे एकूण ७,२०० च्या घरात.

जुन्या पेजवर डिक्लाइन झाल्यावरसुद्धा महिन्याला ११ हजार येत होते. म्हणजे आकडा खाली आला, वर नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण असली प्रकरणं लिहिताना लोक शेवटी दुप्पट झाल्याचंच सांगतात. पण त्या ११ हजारातले ४,३६० स्केचेसचे होते आणि त्याला बारा ते सोळा तास लागायचे. स्केचवाल्या चारपैकी दोघे आता तेच स्केच कमिशनवर घेतात, दर महिन्याला नाही, वाढदिवसाला वगैरे, पूर्ण दर देऊन. एक १,००० वर आला. चौथा रागावला आणि गेला, त्याचंही बरोबर होतं, त्याला कबूल केलेलं काढून घेतलं होतं.

एक घोटाळा झाला. दोन जणांनी वर्षाचे पैसे भरले आणि जुनं महिन्याचं बंद करायला विसरले, त्यांची कार्डं नेमकी चालणारी, दोन्हीकडून कापले गेले. एकाने वर्षाचेच परत मागितले. गेटवेवरून रिफंड केला की माणसाला पूर्ण रक्कम जाते पण कापलेली फी आपल्याला परत येत नाही. रक्कम सात रुपये होती म्हणून हसलो, शंभर जणांना करावं लागलं असतं तर हसलो नसतो.

परत करायचं झालं तर

आधी जुन्या पेजवर भारतीय मेंबरांचं बिलिंग थांबवायचं आणि मग नवीन पेजची लिंक पाठवायची, हा क्रम उलटा झाला होता.

३०० आणि १,००० मध्ये ७०० चं अंतर आहे, तिथे ५०० चा टियर टाकावा असं मेधाचं मत आहे. माझं नाही. मधला टियर आला की १,००० वाले खाली सरकतात, आणि त्या मधल्याला द्यायला म्हणून एक नवीन पर्क शोधावं लागतं, आणि मग परत पोस्टाची रांग. यावर आमचं अजून एकमत नाहीये.

वर्षाचे पैसे एकदम येतात ते वेगळ्या खात्यात ठेवून महिन्याला बारावा हिस्सा काढायचा असं सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात १३,३०० जमा दिसल्यावर तिने ड्रॉइंग टॅबलेट घेतला. आता वर्ष संपेपर्यंत बऱ्याच जणांच्या स्ट्रिप "फुकट" काढल्यासारख्या वाटणार तिला, हे मी बोललो तर चिडते.

आणि त्या २८ जणांची वर्गणी एकाच आठवड्यात संपणार आहे. साध्या पेमेंटला आपोआप नूतनीकरण नसतं, तेव्हा आठवण आपणच करायची. संपायच्या पंधरा दिवस आधी एक मेल, संपल्यावर एक, त्यानंतर नाही, असं ठरवलंय. मेलचा मसुदा तिने आत्ताच चित्रात काढून ठेवलाय, दारात उभी असलेली बाई मागे वळून विचारते, "उतरताय का पुढे जायचंय?"